४८३६ भागिले १२: बरोबर उत्तर ४०३, वहीत ४३

पाचवीच्या वर्गात दोन अंकी भाजकाने भाग द्यायला सुरुवात झाली की बऱ्याच वह्यांत एक चूक हमखास दिसते. ४८३६ ला १२ ने भागले तर उत्तर ४०३ यायला हवे, मुले ४३ लिहितात. पाढा बरोबर असतो, वजाबाकी बरोबर असते, बाकीही शून्यच येते. चुकते ते इतकेच की मधले शून्य लिहायचे राहते. अशा उत्तरावर लाल फुली मारली की मुलाला उत्तर चुकल्याचे कळते, पण कोणत्या ओळीत आणि का चुकले हे कळत नाही. म्हणूनच चुकलेले उदाहरण सोडवलेल्या स्वरूपात फळ्यावर मांडून मुलांकडूनच तपासून घेण्याची पद्धत भागाकार शिकवताना उपयोगी पडते.

या उदाहरणात प्रत्यक्षात काय घडते ते आधी पाहू. ४८ ला १२ ने भाग दिला, ४ चा भाग गेला, खाली ० उरले. मग ३ खाली घेतला. ३ मध्ये १२ चा भाग जात नाही, म्हणून मूल ६ ही खाली घेते. ३६ झाले, त्यात ३ चा भाग गेला. वर लिहिले गेले ४ आणि ३. ‘भाग जात नाही, पुढचा अंक खाली घ्या’ हे वाक्य मुलाने अगदी इमानाने पाळलेले असते. ‘भाग जात नाही हे वर ० लिहून नोंदवा’ हा उरलेला अर्धा भाग मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. कित्येकदा तो नीट सांगितलेलाच नसतो.

शून्य का लिहायचे हे नियमाने पटत नाही, नोटांनी पटते. ४८३६ रुपये बारा जणांत वाटायचे आहेत. शंभराच्या ४८ नोटा आहेत, प्रत्येकाला ४ मिळाल्या. दहाच्या ३ नोटा बारा जणांत वाटता येत नाहीत, म्हणजे प्रत्येकाला दहाची एकही नोट मिळाली नाही. त्या मोडून रुपयाची ३० नाणी घेतली, आधीची ६ मिळवली, ३६ झाली. प्रत्येकाला ३ आली. प्रत्येकाच्या हातात शंभराच्या ४, दहाची एकही नाही आणि रुपयाची ३ नाणी, म्हणजे ४०३ रुपये. दशकाच्या घरात काहीच आले नाही, हेच ते शून्य सांगते. ते गाळले की शंभराच्या चार नोटा दहाच्या होऊन बसतात.

हे झाल्यावर फळ्याच्या एका बाजूला पूर्ण सोडवलेले बरोबर उदाहरण राहू द्यावे आणि शेजारी ४३ उत्तराचे चुकीचे उदाहरण मांडावे. त्यावर ‘हे चुकलेले आहे’ असे ठळक लिहावे. वर्गातल्या कोणाची वही दाखवू नये. चूक शिक्षकांनी स्वतः मांडलेली असावी. मग तीन प्रश्न विचारावेत. पहिली चुकलेली ओळ कोणती? असे लिहिणाऱ्याने मनात काय म्हटले असेल? आणि पुन्हा भागाकार न करता हे उत्तर चुकले आहे हे कसे ओळखता येईल?

दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण एकाच चुकीच्या उत्तरापर्यंत जाणाऱ्या वाटा निरनिराळ्या असतात. एखादे मूल म्हणेल, ‘३ मध्ये भाग जात नाही हे त्याला माहीत होते, पण शून्य लिहायचे राहिले.’ दुसरे म्हणेल, ‘त्याने ३ आणि ६ एकदमच खाली घेतले.’ पहिल्या प्रकारच्या मुलाला आठवण पुरते. दुसऱ्याला एका वेळी एकच अंक का खाली घ्यायचा, हेच पुन्हा समजावून द्यावे लागते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजात आहे: ४८०० मध्ये १२ चा ४०० वेळा भाग जातो, म्हणून उत्तर चारशेच्या आसपास असणार. ताळा केला तर ४३ गुणिले १२ म्हणजे ५१६ येतात, ४८३६ नाही. त्यानंतर लगेच ७२१५ भागिले ३५ हे उदाहरण मुलांनी स्वतः सोडवावे. इथे २०६ भाग जाऊन बाकी ५ उरते. २६ आणि बाकी ५ असे कोणी लिहिले तर मुद्दा अजून बसलेला नाही.

दुसरी चूक याहून गमतीची आहे. ९५२ भागिले १४. मूल ९५ मध्ये १४ चा ५ चा भाग लावते; १४ पंचे ७०, उरले २५. २ खाली घेतला, २५२ झाले. २५२ मध्ये १४ चा भाग १८ वेळा जातो, म्हणून ५ च्या पुढे १८ लिहून उत्तर येते ५१८. नेमके चुकले कुठे? २५ ही बाकी १४ पेक्षा मोठी आहे, म्हणजे अजून एक भाग जात होता. प्रत्येक वजाबाकीनंतर ‘उरलेली संख्या भाजकापेक्षा लहान आहे ना?’ हे पाहण्याची सवय इथेच लावावी.

पण या मुलाचे गणित वाया गेलेले नसते. त्याने लिहिलेले ५ हे ५ दशक आहेत, म्हणजे ५०. त्यात १८ मिळवले की ६८, आणि बरोबर उत्तर ६८ च आहे! वाटणी पूर्ण झाली होती, फक्त १८ एककांच्या घरात मावत नव्हते. हे फळ्यावर उलगडून दाखवले तर प्रत्येक अंक कोणत्या घरात बसतो हे मुलांना नियमाच्या पाठांतरापेक्षा लवकर उमगते.

चूक नेमकी कोणती, हे ठरवायला एका उदाहरणावर विसंबून चालत नाही. ८६४ भागिले २४ मध्ये शून्याची भानगड नाही, उत्तर ३६. ८४० भागिले १२ मध्ये शून्य शेवटी येते, उत्तर ७०. पहिले बरोबर सोडवून जे मूल दुसऱ्याचे उत्तर ७ आणि ४८३६ चे ४३ देते, त्याची अडचण शून्याचीच आहे. तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या ओळींत चुका असतील तर बहुधा पाढे किंवा वजाबाकी कच्ची आहे, आणि त्यावर भागाकाराची आणखी उदाहरणे हा उपाय नव्हे.

या पद्धतीला मर्यादाही आहे. सोडवलेली उदाहरणे अभ्यासल्याने नवशिक्यांना फायदा होतो, हे जॉन स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या संदर्भात दाखवले. चुकीच्या उदाहरणांवर कॉर्नेलिया ग्रोसे आणि अलेक्झांडर रेंकल यांनी २००७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा पाया पक्का होता त्यांना चुका शोधण्याचा लाभ झाला. कच्च्या विद्यार्थ्यांना बरोबर उदाहरणेच अधिक उपयोगी ठरली, आणि चुकीची जागा खूण करून दाखवल्यास मदत झाली. म्हणून पहिल्या काही तासिका फक्त बरोबर उदाहरणांच्या असाव्यात. नंतर चुकीची ओळ अधोरेखित केलेली उदाहरणे द्यावीत, आणि चूक मुलांनीच शोधायची उदाहरणे सर्वांत शेवटी.