गच्चीवरच्या सेन्सरचा सेल: भरणं कधी थांबवायचं, उपसणं कधी

कुंडीतल्या किंवा वाफ्यातल्या मातीचा ओलावा मोजून तो वायफायवरून घरात कळवणारा सेन्सर आता बरेच हौशी लोक स्वतःच जोडतात. त्याच्या विजेसाठी सहसा तीन वस्तू आणल्या जातात: सहा व्होल्टचं, एक वॉटचं सौर पॅनल, टॉर्चमध्ये असतो तसा १८६५० मापाचा एक लिथियम-आयन सेल आणि टीपी ४०५६ ही चिप बसवलेला छोटा चार्जिंग बोर्ड. तारा जोडल्या की सेन्सर लगेच चालू होतो आणि हिवाळाभर तक्रार करत नाही. खरी परीक्षा मे महिन्यातल्या उन्हात आणि जुलैतल्या झडीत होते.

लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्याच्यावर नेला तर आतली रसायनं बिघडतात, सेल फुगू शकतो, पेटूही शकतो. टीपी ४०५६ हे काम नीट करते. आधी ठरावीक करंट सोडते, ४.२ व्होल्ट आले की तिथेच धरून ठेवते आणि करंट ठरवलेल्या मापाच्या एक दशांशावर उतरला की भरणं थांबवते. अडचण त्या ‘ठरवलेल्या मापा’त आहे. बाजारातले बोर्ड मोबाइलच्या चार्जरवर चालतील अशा हिशेबाने एक अँपिअरला लावलेले असतात. एक वॉटचं पॅनल कडक उन्हातही सुमारे १६० मिलिअँपिअर देतं. चिप त्याच्याकडे एक अँपिअर मागत राहते, पॅनलचा दाब सेलच्या दाबापर्यंत खाली ओढला जातो आणि ढग आला की चार्जिंग चालू-बंद होऊ लागतं. शिवाय एक अँपिअरचा दशांश म्हणजे १०० मिलिअँपिअर. कोवळ्या उन्हात पॅनल मुळातच तेवढा करंट देत नाही, त्यामुळे सेल खरोखर भरला की ऊन कमी पडलं, हे चिपला नीट ओळखता येत नाही.

उपाय एका रेझिस्टरचा आहे. बोर्डावर १.२ किलोओहमचा एक बारीक रेझिस्टर चार्जिंगचा करंट ठरवतो. तो काढून १० किलोओहमचा डकवला की माप सुमारे १३० मिलिअँपिअरवर येतं, म्हणजे पॅनलच्या आवाक्यात. थांबण्याची खूणही १३ मिलिअँपिअरवर उतरते. माझ्या मते या सगळ्या जोडणीत सर्वात जास्त फरक पाडणारं काम हेच आहे, आणि बहुतेक जण तेच करत नाहीत. पॅनल निवडताना एवढंच पाहावं की काहीही न जोडता भर उन्हात मल्टिमीटरवर त्याचा दाब आठ व्होल्टच्या आत राहतो. सहा व्होल्टचं पॅनल तेव्हा सातच्या आसपास दाखवतं, ते चालेल. बारा व्होल्टचं पॅनल ही चिप जाळून टाकेल.

आता दुसरं टोक. बोर्ड घेताना ‘प्रोटेक्शन’ असलेला घ्यावा. त्यावर डीडब्ल्यू ०१ नावाची आणखी एक छोटी चिप असते. शॉर्टसर्किट झालं, भरणं मर्यादेबाहेर गेलं किंवा सेल फारच उतरला, तर ती सेल तोडून वेगळा करते. सेन्सर मात्र सेलच्या टोकांना न जोडता बोर्डावरच्या ‘आउट’ टोकांना जोडावा लागतो, नाहीतर हे संरक्षण वळसा घालून टाळलं जातं. आणि या चिपचा खालचा कट-ऑफ साधारण २.४ व्होल्टला आहे, हे लक्षात ठेवावं. हा अगदी शेवटचा अडसर आहे. रोज तिथपर्यंत उतरणारा सेल लवकर म्हातारा होतो, आणि त्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिला तर कायमचा जातो.

म्हणून रोजचा कट-ऑफ सेन्सरच्या प्रोग्राममध्येच ठेवावा. दोन मोठ्या रेझिस्टरांनी सेलचा दाब अर्धा करून तो मायक्रोकंट्रोलरला वाचायला द्यायचा. ३.४ व्होल्टच्या खाली गेला की वायफाय चालूच करायचं नाही, तासभर गाढ झोपायचं आणि पुन्हा दाब पाहायचा. नेहमीचं काम मात्र ३.७ व्होल्ट आल्यावरच सुरू करायचं. दोन आकड्यांमधलं हे अंतर गरजेचं आहे. वायफाय सुरू होताना क्षणभर तीनशे मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढ बसू शकते आणि उतरलेल्या सेलचा दाब त्या ओढीने आणखी पडतो. अंतर नसेल तर सकाळी थोडं ऊन लागताच सेन्सर जागा होतो, दाब पाडतो, बंद पडतो, पुन्हा जागा होतो, आणि गोळा झालेली सगळी वीज जागं होण्यातच संपवतो. रात्रभर गप्प आणि सकाळी दर मिनिटाला नव्याने सुरू होणारा सेन्सर दिसला, तर दुखणं हेच आहे.

खर्चाचा हिशेब एकदा मांडून पाहू. सेन्सर दर पंधरा मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ९६ वेळा उठतो. प्रत्येक वेळी पाच सेकंद, सरासरी ८० मिलिअँपिअर. याचे दिवसाचे जेमतेम ११ मिलिअँपिअर-तास होतात. झोपेत तो ०.१ मिलिअँपिअर घेत असेल तर आणखी अडीच. एकूण १४ धरू. २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल यावर ऊन न लागताही महिनोन्‌महिने निघेल. आता त्याच प्रोग्रामसाठी दुकानातला तयार ईएसपी बोर्ड जसाच्या तसा वापरला, तर त्यावरचा सतत जळणारा एलईडी, यूएसबीची चिप आणि एएमएस १११७ हा रेग्युलेटर मिळून झोपेतही दहाएक मिलिअँपिअर खाऊ शकतात. दिवसाचा खर्च २५० वर जातो. आमचं एक वॉटचं पॅनल पाच तासांच्या चांगल्या उन्हात साडेसहाशे भरून देतं, म्हणून उन्हाळ्यात ही गळती कळतच नाही. झडीत त्याचा दहावा भाग मिळाला असं मानलं तर ६५ येतात, २५० जातात आणि पंधरवड्याच्या आत सेल रिकामा होतो. अशा वेळी लोक मोठं पॅनल आणतात. त्याऐवजी एलईडी उपटून काढावा आणि एचटी ७३३३ सारखा स्वतः काही मायक्रोअँपिअरच घेणारा रेग्युलेटर लावावा. तो २५० मिलिअँपिअरपर्यंतचाच असल्यामुळे वायफायची क्षणिक ओढ सांभाळायला त्याच्यापुढे मोठा कपॅसिटर जोडावा लागतो. तसाही एएमएस १११७ ला स्वतःसाठी जवळपास एक व्होल्टचं अंतर लागतं, त्यामुळे ३.७ व्होल्टच्या सेलवरून तो पूर्ण ३.३ व्होल्ट देऊच शकत नाही.

उन्हाचा प्रश्न मात्र हिशेबाने सुटत नाही. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं बहुतेक उत्पादक सांगतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतली हवाच तिथवर पोचते, मग पॅनलच्या पाठीला चिकटवलेल्या काळ्या डबीत काय होत असेल! टीपी ४०५६ ला तापमान पाहण्यासाठी एक पिन आहे, पण स्वस्त बोर्डांवर ती जमिनीला जोडून निकामी केलेली असते. म्हणजे सेल तापला तरी चार्जिंग चालूच राहतं, आणि पूर्ण भरलेला, तापलेला सेल सर्वात वेगाने झिजतो. पॅनल उन्हात आणि सेल कुंडीच्या आडोशाला, पांढऱ्या डबीत, तळाशी हवा खेळेल असा ठेवावा. मधली दोन-तीन फूट तार काही बिघडवत नाही.

विदर्भातल्या उघड्या गच्चीवर मी सरळ लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा सेल निवडेन. त्यात वीज थोडी कमी मावते, पण तो उष्णता जास्त सोसतो आणि बिघडला तरी सहसा भडकत नाही. फक्त तो ३.६ व्होल्टलाच पूर्ण भरतो, म्हणून टीपी ४०५६ त्याला चालत नाही. ३.६ व्होल्टवर लावता येणारा टीपी ५००० सारखा चार्जर आणि त्याच जातीच्या सेलचा प्रोटेक्शन बोर्ड घ्यावा लागतो. प्रोग्राममधले कट-ऑफचे आकडेही बदलावे लागतात. या सेलचा दाब बराच काळ ३.२ व्होल्टच्या आसपासच रेंगाळतो आणि शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे ३.० व्होल्ट दिसले की थांबलेलं बरं.