दुपारच्या सुट्टीत चालणारा कॉम्प्रेसर

कारखान्यांतली दाबाच्या हवेची गळती शोधून ती बंद करून देणं, हा माझा व्यवसाय. सुरुवातीची काही वर्षं माझ्या सादरीकरणाचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: आमची कंपनी अमुक साली सुरू झाली. मग कार्यालयाचा फोटो, प्रमाणपत्रं, ग्राहकांची बोधचिन्हं. दहा मिनिटं अशी जायची आणि समोरचे मालक मोबाइल हातात घ्यायचे. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या कारखान्याबद्दल मी अजून एक शब्दही बोललेलो नसे.

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपसाठी मी पहिल्यांदा उलट क्रमाने संहिता लिहिली. त्यासाठी बैठकीआधी एक दिवस परवानगी काढून दुपारच्या सुट्टीत तिथे गेलो. सगळी यंत्रं बंद होती, हवा कोणीच वापरत नव्हतं. तरीही ५० एचपीचा, म्हणजे ३७ किलोवॅटचा कॉम्प्रेसर मधूनमधून लोड घेत होता. घड्याळ लावलं. दीड मिनिट लोड, साडेचार मिनिटं अनलोड, पुन्हा दीड मिनिट लोड. सहा मिनिटांतली दीड मिनिटं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेपैकी २५ टक्के हवा कुठून तरी निसटत होती.

दुसऱ्या दिवशी मी बोलायला सुरुवात केली ती अशी: "साहेब, काल जेवणाच्या सुट्टीत तुमची सगळी मशीन बंद होती. कॉम्प्रेसर मात्र दर सहा मिनिटांतली दीड मिनिटं हवा भरत होता. ती हवा कुठे जाते, आणि तिचं वर्षाचं बिल किती होतं, एवढंच आज बोलायचंय."

पुढचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण त्या खोलीत मालकांच्या शेजारी मेंटेनन्सचे साहेब बसलेले असतात. अडचणीपासून सुरुवात केली की ती कोणाच्या तरी माथी बसते, आणि ज्याच्या माथी बसते तोच पुढे आपल्या कामाला आडवा येतो. म्हणून लगेच म्हटलं, "होस, कप्लिंग, पुश फिटिंग झिजतात. मशीन चालू असताना हा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. तुमच्याकडे साधारण कुठल्या लाइनला जास्त त्रास होतो?" हा प्रश्न मी मेंटेनन्सच्या साहेबांकडे बघून विचारला. ते म्हणाले, जुन्या शेडमधली लाइन, तिथे दाब पडतो म्हणून क्लॅम्प सुटतात. तिथून ती अडचण त्यांच्या तोंडून पुढे आली, माझ्या नाही.

मग आकडा. इथे हात सैल सोडायचा मोह फार होतो. ३७ किलोवॅटचे २५ टक्के, वर्षाला ६,००० तास, युनिटला ८ रुपये, म्हणजे जवळजवळ साडेचार लाख! पण हा हिशोब चुकीचा आहे. अनलोड असतानाही हा कॉम्प्रेसर सुमारे १२ किलोवॅट खातोच, म्हणजे लोड टळला की वाचतात ते २५ किलोवॅट. शिवाय गळती शून्यावर येत नाही. आम्ही ती १० टक्क्यांवर आणण्याचा शब्द देतो. २५ किलोवॅटचे १५ टक्के, गुणिले ६,००० तास, म्हणजे २२,५०० युनिट, १ लाख ८० हजार रुपये. युनिटचा दर त्यांच्याच बिलावरचा होता आणि चालण्याचे तास कॉम्प्रेसरच्या मीटरवरचे. हा सगळा हिशोब मी त्यांच्यासमोर फळ्यावर मांडला, तयार स्लाइड दाखवली नाही. मेंटेनन्सचा माणूस अनलोडची गोष्ट ओळखून असतो. साडेचार लाख म्हटलं असतं, तर त्याने एका प्रश्नात मला गप्प केलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

बैठक कुठे चालली आहे हे प्रश्नांवरून कळतं. "छान आहे, माहिती मेल करा," असं आलं की अडचण त्यांना आपली वाटलेली नाही. "हे ६,००० तास कुठून धरले?" असं विचारलं, की ते हिशोबात उतरले. नील रॅकहॅम यांनी विक्रीच्या हजारो भेटींचा अभ्यास करून १९८८ साली पुस्तक लिहिलं. मोठ्या विक्रीत अडचणीचे परिणाम ग्राहकाकडूनच वदवून घेणारे प्रश्न उपयोगी पडतात, असं त्यांचं सांगणं. शिरोलीतही तसंच घडलं. मालकांनी स्वतःच विचारलं, "म्हणजे दाब पडतो म्हणून आपण नवीन कॉम्प्रेसर घ्यायला निघालो होतो, ते या गळतीमुळेच का?" ते वाक्य माझ्या संहितेत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "आधी गळती बंद करू, पुन्हा सुट्टीत घड्याळ लावू, मग ठरवा."

सुरुवात मोजमापाशिवाय केली तर मात्र ही पद्धत अंगाशी येते. "तुमच्याकडे ३० टक्के हवा वाया जात असणार," असं अंदाजाने म्हटलं आणि तिथे खरोखर ८ टक्केच निघाली, तर पुढचं काहीच ऐकलं जात नाही. आत जाऊन मोजायला परवानगी मिळाली नाही, तर मी कुठलाच आकडा सांगत नाही. "उद्या दुपारी सुट्टीत कॉम्प्रेसरजवळ दहा मिनिटं उभं राहू या," एवढीच मागणी करतो.

कंपनीचा इतिहास मी टाकून दिलेला नाही. तो संहितेच्या शेवटच्या पानावर आहे, चार वाक्यांत. शिरोलीत चाळीस मिनिटांनी मालकांनी चहा मागवला आणि विचारलं, "बरं, तुम्ही हे काम आधी कुठे केलंय?" तेव्हा ते पान उघडलं.