लॅपटॉपच्या यादीतील एक दुर्लक्षित ओळ: वाय-फाय आणि ब्लूटूथचे आकडे कसे वाचावेत

लॅपटॉप घेताना आपण प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी बारकाईने पाहतो. त्याच यादीत खाली कुठेतरी अशी एक ओळ असते:

```
Wi-Fi 6, 11ax 2x2 + BT 5.2
```

बहुतेक जण ‘सहा आहे ना, मग चांगलंच असेल’ एवढे म्हणून पुढे जातात. पण या ओळीत वाय-फायची पिढी, अँटेनांची संख्या आणि ब्लूटूथची आवृत्ती अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत. या ओळीत अनेकदा न लिहिलेली चौथी गोष्ट, म्हणजे लहरींची पट्टी, रोजच्या वापरात सर्वांत जास्त फरक पाडते. एकेक करून पाहू.

पहिली पायरी: पिढी ओळखणे

`11ax` आणि `Wi-Fi 6` हे एकच. पूर्वी वाय-फायच्या मानकांना 802.11n, 802.11ac अशी अवघड नावे होती. २०१८ साली वाय-फाय अलायन्स या संस्थेने त्यांना सोपे क्रमांक दिले: n म्हणजे ४, ac म्हणजे ५, ax म्हणजे ६. त्यानंतर आलेले be म्हणजे ७. जुन्या यादीत नुसते `802.11ac` दिसले, तर तो वाय-फाय ५ चा लॅपटॉप समजावा.

दुसरी पायरी: पट्टी पाहणे

घरातले वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर भिंतीतून बरी जाते, पण ती पट्टी अरुंद आहे. तिच्यात एकमेकांवर न चढणारे जेमतेम तीन मार्ग बसतात, आणि इमारतीतले सगळे राउटर त्याच तिन्हींवर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आणि वेग जास्त, पण काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडल्या की सिग्नल लवकर खाली येतो.

अगदी स्वस्त किंवा जुन्या लॅपटॉपमध्ये इथेच फसगत होते. यादीत फक्त `802.11 b/g/n` असेल आणि `a` किंवा `ac` कुठेच नसेल, तर तो लॅपटॉप बहुधा केवळ २.४ वर चालणारा असतो. पिढी कोणतीही असो, ५ गिगाहर्ट्झची पट्टी नसेल तर तो लॅपटॉप टाळावा.

तिसरी पायरी: `1x1` की `2x2`

हा आकडा अँटेनांच्या जोडीचा आहे. `1x1` म्हणजे माहितीचा एकच प्रवाह, `2x2` म्हणजे एकाच वेळी दोन. पिढी तीच असली तरी दोन प्रवाहांमुळे वेग दुप्पट होतो. वाय-फाय ५ चे `1x1` कार्ड नेहमीच्या मांडणीत ४३३ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४३३ मेगाबिट, इतक्या वेगाने जोडले जाते. `2x2` कार्ड ८६७ ला. दुकानाच्या पाटीवर मात्र दोन्हींवर ‘वाय-फाय ५’ एवढेच लिहिलेले असते.

चौथी पायरी: घरात काय मिळेल, याचा हिशेब

आता हे आकडे एका घरात बसवून पाहू. समजा, घरी २०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. हॉलमध्ये वाय-फाय ५ चा, दोन्ही पट्ट्यांचा राउटर आहे. एक लॅपटॉप जुना, वाय-फाय ५ `1x1`. दुसरा नवा, वाय-फाय ६ `2x2`.

एक नियम लक्षात ठेवावा. जोडणीचा जो वेग दिसतो, त्याच्या साधारण निम्माच प्रत्यक्ष कामाला येतो. उरलेला वेळ आपापली पाळी धरण्यात, पोच देण्यात आणि चुकलेले पुन्हा पाठवण्यात जातो.

जुना लॅपटॉप २.४ वर जोडला गेला, तर त्याची जोडणी नेहमीच्या मांडणीत ७२ एमबीपीएसची होते. हाती येतात पस्तीस-चाळीस. दोनशेचे पैसे भरून चाळीस मिळतात, आणि आपण दोष देतो केबलवाल्याला. तोच लॅपटॉप ५ वर आणला की जोडणी ४३३ ची होते आणि जवळपास पूर्ण दोनशे मिळू लागतात. यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

नवा लॅपटॉप सहाव्या पिढीचा असला तरी राउटर पाचव्या पिढीचा आहे, त्यामुळे दोघे पाचव्या पिढीच्या भाषेत बोलतात. जोडणी ८६७ ची होते. पण हॉलमध्ये बसून वेग मोजला, तर त्याच्यावरही दोनशेच दिसतील, कारण बाहेरून येणारेच तेवढे आहेत.

फरक आतल्या खोलीत कळतो. सिग्नल अशक्त झाला की दोन्ही लॅपटॉप वेग कमी करून घेतात. जुना समजा ९७ च्या आसपास उतरला, तर तेवढ्याच अशक्त सिग्नलवर `2x2` वाला १९५ ला टिकतो. हाती अनुक्रमे पन्नास आणि शंभर येतात. व्हिडिओ मीटिंगला चार-पाच एमबीपीएस पुरतात, म्हणून मीटिंग दोन्हींवर नीट चालेल. मोठी फाईल उतरवताना मात्र जुन्यावर दुप्पट वेळ लागेल.

पाचवी पायरी: सहाव्या पिढीचा खरा उपयोग

वाय-फाय ६ चा मुख्य फायदा एकट्या लॅपटॉपचा वेग हा नाही, तर घरात पंधरा-वीस उपकरणे असताना होणारी वाटणी हा आहे. जुन्या पद्धतीत राउटर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतो. एका पत्त्याचे एक पाकीट पोचवून टेम्पो परत यायचा आणि मग दुसरे पाकीट निघायचे, तसे. सहाव्या पिढीत एकाच फेरीत अनेक पत्त्यांची पाकिटे जातात, त्यामुळे टीव्ही, कॅमेरा आणि चार फोन चालू असतानाही मीटिंग अडखळत नाही. अट एकच: राउटरही सहाव्या पिढीचा हवा.

नवा राउटर बसवल्यावर एखाद्या जुन्या लॅपटॉपला त्याचे नेटवर्क दिसतच नाही, असे होते. अशा वेळी आधी त्या लॅपटॉपच्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, अद्ययावत करावा. काही जुने ड्रायव्हर सहाव्या पिढीची घोषणा ओळखत नाहीत.

सहावी पायरी: `6E` आणि `7`

`6E` म्हणजे सहावी पिढीच, पण ६ गिगाहर्ट्झची तिसरी, मोकळी पट्टी वापरू शकणारी. वाय-फाय ७ याच पट्टीत आणखी रुंद मार्ग वापरते. अमेरिकेने ही पट्टी २०२० मध्येच खुली केली. भारतात तिचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, परवान्याविना वापरू देण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला. शिवाय ६ गिगाहर्ट्झसाठी विंडोज ११ लागते. विंडोज १० वर ती पट्टी दिसत नाही. म्हणून केवळ `6E` या अक्षरासाठी जास्त पैसे देण्याआधी, घरचा राउटर ती पट्टी देतो का, हे पाहून घ्यावे.

सातवी पायरी: ब्लूटूथचा आकडा

ब्लूटूथच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवून घेतात. ५.३ चे हेडफोन ४.२ च्या लॅपटॉपवर चालतात, फक्त दोघांना समान येणाऱ्या गोष्टीच चालतात. ‘५ आवृत्तीत दुप्पट वेग, चौपट पल्ला’ ही जाहिरात बहुतेकांनी ऐकलेली असते. तो दावा ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या शाखेबद्दल आहे, दोन्ही गोष्टी एका वेळी मिळत नाहीत, आणि नेहमीच्या हेडफोनचे संगीत त्या शाखेतून जातच नाही. म्हणून ४.२ वरून ५.० वर गेल्याने गाणे अधिक चांगले ऐकू येत नाही.

रोजची तक्रार वेगळीच असते: गाणी उत्तम वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होतो. हेडफोन बिघडलेले नसतात. जुन्या ब्लूटूथमध्ये संगीताची आणि संभाषणाची व्यवस्था वेगवेगळी आहे. माईक चालू होताच जोडणी संभाषणाच्या व्यवस्थेत जाते, स्टिरिओ बंद होतो आणि आवाजाचा दर्जा घसरतो. साधा उपाय म्हणजे मीटिंगच्या सेटिंगमध्ये माईक म्हणून लॅपटॉपचा माईक निवडणे. हेडफोन मग संगीताच्या व्यवस्थेतच राहतात.

कायमचा उपाय म्हणजे एलई ऑडिओ ही नवी पद्धत. तिचा पाया ५.२ आवृत्तीत घातला गेला. पण ५.२ किंवा ५.३ लिहिले म्हणजे ती असतेच असे नाही, कारण आवृत्तीतल्या अनेक सोयी ऐच्छिक असतात. कार्ड, त्याचा ड्रायव्हर, विंडोज ११ आणि हेडफोन या चारही ठिकाणी ती हवी. विंडोज ११ मध्ये ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये `Use LE Audio when available` असा पर्याय दिसला, तर लॅपटॉपची बाजू तयार आहे.

ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच चालते. हेडफोनचा आवाज तुटत असेल, तर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेऊन पाहावे. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कमधूनही याच पट्टीत गोंगाट निघतो. डिस्क लावल्यावरच माउस अडखळत असेल, तर ती दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावावी.

आठवी पायरी: आपल्या लॅपटॉपची तपासणी

विंडोजमध्ये `Command Prompt` उघडून या दोन ओळी एकेक करून टाईप कराव्यात:

```
netsh wlan show drivers
netsh wlan show interfaces
```

पहिलीच्या उत्तरात `Radio types supported` समोर कार्डाला येणाऱ्या पिढ्या दिसतात. दुसरीत `Receive rate (Mbps)` हा आत्ताच्या जोडणीचा वेग. `Channel` समोर १ ते १३ असेल तर जोडणी २.४ वर आहे, ३६ किंवा पुढचा आकडा असेल तर ५ वर. नव्या विंडोज ११ मध्ये ही दुसरी आज्ञा लोकेशनची परवानगी मागते. ती दिल्याशिवाय उत्तर येत नाही.

जोडणी २.४ वर अडकली असेल, तर `Device Manager` मध्ये वाय-फाय कार्डाच्या `Advanced` पानावर `Preferred Band` शोधून ५ गिगाहर्ट्झ निवडावे. हा पर्याय प्रत्येक कार्डात नसतो. नसेल तर राउटरमध्ये दोन पट्ट्यांना दोन वेगळी नावे द्यावीत आणि ५ चे नाव निवडावे.

ब्लूटूथसाठी `Device Manager` मध्येच ब्लूटूथ कार्डाचे `Advanced` पान उघडावे. तिथे `LMP` पुढे आकडा असतो: ९ म्हणजे ५.०, १० म्हणजे ५.१, ११ म्हणजे ५.२, १२ म्हणजे ५.३.

आज नवा लॅपटॉप घेणाऱ्याने वाय-फाय ६, `2x2` आणि ब्लूटूथ ५.२ किंवा पुढची आवृत्ती एवढे पाहिले तरी पुरे. यादीत `2x2` लिहिलेले नसेल तर दुकानदाराकडून वाय-फाय कार्डाचे नेमके मॉडेल विचारून घ्यावे. त्या नावावरून बाकी सगळे कळते. आणि लॅपटॉप जुना असेल, तर तो बदलण्याआधी तो कोणत्या पट्टीवर जोडलेला आहे, हे आधी पाहावे.