टेस्ट शूटमध्ये फोटोग्राफर नेमकं काय बघतो?

मॉडेलिंगसाठी मुंबईत अंधेरी-वर्सोव्याच्या फेऱ्या मारणाऱ्या मुलामुलींच्या फोनमध्ये बहुधा आठ-दहा निवडक फोटो असतात. प्रत्येकात वेगळा पोशाख, वेगळी पार्श्वभूमी, चेहऱ्यावर एक डाग नाही. एवढ्यावरून जाणता फोटोग्राफर कुणाला घेत नाही आणि कुणाला नाकारतही नाही. तो विचारतो, "पूर्ण शीट आहे का?" म्हणजे त्या शूटमधल्या सगळ्या फ्रेम, काढल्या त्या क्रमाने, एकही न गाळता, रिटचिंग न करता. तीनशे फ्रेममधून एक देखणी निघण्याचं श्रेय प्रकाशाचं असू शकतं, मेकअपचं असू शकतं किंवा निव्वळ योगायोगाचं. उमेदवाराचं स्वतःचं किती, हे बाकीच्या फ्रेम सांगतात.

टेस्ट शूट कुठल्याही जाहिरातीसाठी नसतं. उमेदवार कॅमेऱ्यासमोर कसा वागतो हे पाहण्यासाठी ते करतात. सुरुवात होते ती साध्या फोटोंनी, ज्यांना या धंद्यात 'डिजिटल्स' किंवा अजूनही 'पोलरॉइड' म्हणतात. खिडकीचा प्रकाश, मेकअप नाही, केस मागे बांधलेले, अंगाबरोबर बसणारा साधा टीशर्ट आणि जीन्स. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरं आणि पायापासून डोक्यापर्यंत. यात कला काही नसते, पण पुढचं सगळं याच फोटोंशी ताडून बघायचं असतं. ते फार जवळून, मोबाइलच्या रुंद लेन्सने काढले तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, म्हणून कॅमेरा चार पावलं मागे ठेवून थोडी लांबची लेन्स वापरतात.

एक उदाहरण घेऊ. बावीस वर्षांची मुलगी, सावळा वर्ण, उंची पाच फूट सात इंच, आधी एक-दोन स्थानिक दुकानांच्या जाहिराती केलेल्या. तिच्या शूटमध्ये तीन सेटअप आहेत. पहिला मोठ्या सॉफ्टबॉक्सचा. हा प्रकाश मऊ असतो, सावल्या जवळजवळ पडत नाहीत आणि बहुतेक सगळे चेहरे त्यात बरे दिसतात. त्यामुळे इथले फोटो छान आले, यावरून फारसं काही ठरत नाही. पहिल्या तीस-चाळीस फ्रेम तर मोजायच्याच नसतात. खांदे वर चढलेले असतात, बोटं ताठ असतात, ओठ घट्ट मिटलेले असतात. अनुभवी मॉडेलचंही असंच होतं, फक्त ती लवकर सैल होते.

पन्नासाव्या फ्रेमच्या आसपास या मुलीला तिचा 'अँगल' सापडतो. डावा गाल किंचित पुढे, हनुवटी खाली. फोटो खरोखर सुंदर येतो, आणि पंचाईतही तिथेच सुरू होते. पुढच्या पन्नास फ्रेममध्ये जवळजवळ तोच चेहरा आहे. शीट स्क्रीनवर नखाएवढी लहान करून बघितली की हे चटकन कळतं, कारण चेहऱ्याचे बारकावे निघून जातात आणि उरतो फक्त अंगाचा आकार. सगळे चौकोन सारखे दिसत असतील, तर मधे तीन ड्रेस बदलले असले तरी रेंज शून्य.

कपडे बदलणं म्हणजे रेंज नव्हे, ही गोष्ट उमेदवारांच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड जातं. खरी रेंज एकाच टीशर्टमध्ये, एकाच प्रकाशात तपासली जाते. फोटोग्राफर सांगतो, "आत्ता शांत आहेस, तशीच राहा, पण कुणीतरी तुझं म्हणणं खोडून काढलंय असं समज." कच्ची उमेदवार लगेच भुवया चढवते. या मुलीने काय केलं? तोंड तसंच ठेवलं, मान एक-दोन अंश वळवली आणि नजर लेन्सवर रोखली. नंतर निवड करताना चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग तळहाताने झाकून दोन्ही फ्रेम शेजारी ठेवल्या. फक्त डोळ्यांवरून फरक कळत होता. हसऱ्या फोटोंनाही हीच कसोटी लावतात. ओठ झाकल्यावर हसू उरलं नाही, तर ते हसू फक्त दातांचं होतं.

दुसरा सेटअप उघड्या दिव्याचा, वरून येणाऱ्या कडक प्रकाशाचा. यात नाकाची सावली ओठावर उतरते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. चांगल्या मॉडेलला गालावरची ऊब जाणवते आणि ती न सांगता चेहरा प्रकाशाकडे उचलते. आपली मुलगी डावीकडे हे सहज करते, पण उजवीकडे वळवली की डोळे मिटायला लागतात आणि मानेवर ताण दिसतो. उजवी बाजू तिने कधी वापरलेलीच नाही.

सातत्य तपासायची पद्धत सोपी आणि निर्दय आहे. अर्धा तास दुसरंच काम करून फोटोग्राफर म्हणतो, "मघाचा तो रागाचा फोटो पुन्हा दे." पहिला योगायोगाने आला असेल, तर दुसरा येत नाही. कपड्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये एका दिवसात डझनावारी पोशाखांचे फोटो होतात, प्रत्येकाचे समोरून, बाजूने, पाठीमागून. सकाळी दहाचा आणि संध्याकाळी सहाचा फोटो एकाच पानावर शेजारी बसतात. सहाला खांदे गळाले असतील, तर कुर्ता वेगळ्याच मापाचा दिसतो. म्हणून शेवटच्या वीस फ्रेम पहिल्या चांगल्या वीसांशी लावून बघतात. या मुलीच्या शेवटच्या फ्रेममध्ये चेहरा टिकलाय, हात मात्र थकलेत. कंबरेवरची बोटं मुठीत वळली आहेत.

आणखी एक गोष्ट मी हटकून बघतो, ती म्हणजे चेहऱ्याचा रंग मान आणि हातांशी जुळतो का. सावळ्या मुलींना आजही एक-दोन छटा उजळ फाउंडेशन लावलं जातं. फोटोत चेहरा वेगळा आणि गळा वेगळा दिसतो, मग रिटचिंगमध्ये गळाही उजळवतात. डिजिटल्सशी ताडलं की हा अन्याय लगेच उघडा पडतो. अशा वेळी फोटो वाईट ठरतो, उमेदवार नव्हे. तसंच प्रत्येक फ्रेममध्ये सूचना चुकली, प्रकाश चुकला असं दिसत असेल, तर दोष फोटोग्राफरचा आहे. एकाच शूटवरून कुणाला बाद करू नये, ते याचसाठी. दुसऱ्या फोटोग्राफरने काढलेल्या शीटमध्येही तीच उजवी बाजू अडत असेल, तरच ती त्या मुलीची उणीव मानावी.

मग निकाल काय? कॅटलॉगसाठी ही मुलगी आजच घेण्याजोगी आहे. सूचना एकदाच सांगावी लागते, पोझ पुन्हा देता येते. हातांचं काम आठवडाभराच्या सरावाने सुधारतं. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ येतो आणि दोन्ही बाजू लागतात, तिथे ती अजून तयार नाही. रॅम्पवर बायकांची उंची साधारण पाच फूट आठच्या वर मागतात, तेव्हा ती वाट तिच्यासाठी अरुंद आहे, आणि हे तिला स्पष्ट सांगायला हवं.

या वाटेने जाणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना एकच सांगणं आहे. टेस्ट शूट झालं की निवडलेल्या फोटोंबरोबर पूर्ण शीट मागून घ्या आणि ती काढणाऱ्यासोबत तासभर बसून बघा. शीट दाखवायला जो तयार नाही, किंवा काम देण्याआधी आपल्याच स्टुडिओत महागडा पोर्टफोलिओ करून घ्या असा आग्रह धरतो, त्याला पैसे देऊ नका.