सर खरा की खोटा? मोत्याचं भोक बघा

सराचा फोटो मागवताना भोकाचा जवळून घेतलेला फोटो आवर्जून मागा. नकली मोत्यात भोकाच्या कडेला लेपाचे पोपडे सुटतात, आतली काच डोकावते. मणी घालून वाढवलेल्या मोत्यात मोतीथर आणि मणी यांच्यामधली बारीक रेघ दिसते. थर पातळ असेल तर तोही तिथेच कळतो. मोत्यामोत्यात गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत, पण गाठी नकली सरातही मारतात. पृष्ठभागावरचे खळगे तर झगमगीत उजेडात लपतात. म्हणून हातात आल्यावर दोन मोती हलकेच एकमेकांवर घासा. खरे खरखरतात, नकली बहुधा गुळगुळीत सरकतात. मात्र नैसर्गिक की संवर्धित, हे घासून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एक्स-रे तपासणीच करून घ्या.