गरम पाण्याने नजर धूसर का होते?

मायलिन म्हणजे मज्जातंतूवरचं चरबीयुक्त वेष्टण. त्यात ठरावीक अंतरावर बारीक फटी असतात. सिग्नल एका फटीतून दुसरीत उडी मारल्यासारखा जातो, म्हणून सेकंदाला 100 मीटरपर्यंत वेग गाठतो. वेष्टण नसेल तर जेमतेम 1 मीटर!

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या या वेष्टणावर हल्ला करते. उघड्या जागी करंट गळतो, सिग्नल कसाबसा पुढे सरकतो. त्यात अंग तापलं, की सोडियम आत घेणारी तंतूवरची दारं लवकर मिटतात आणि सिग्नल तिथेच अडतो. म्हणूनच डोळ्याच्या नसेचं मायलिन गेलेल्या काहींना गरम पाण्याच्या अंघोळीनंतर धूसर दिसतं. अंग गार झालं की नजर पूर्ववत होते. पण धूसरपणा 24 तासांहून जास्त टिकला, तर तो आजाराचा नवा झटका असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना दाखवायचंच.