आंबागड-गायमुखला निघालात? ऊन पडलेलं असतानाही नाल्याला पूर कसा येतो, जाणून घ्या

भंडारा : पावसाळ्यातील रविवारी तुमसर तालुक्यातील आंबागड किल्ला आणि गायमुखकडे अनेकांची पावले वळतात. सातपुड्याच्या टेकड्यांतील ही सहल एका दिवसात होते. मात्र, खरा धोका आहे तो वरून येणाऱ्या पाण्याचा.

पाणी अचानक का वाढते?

धबधब्यात येणारे पाणी वरच्या डोंगरउतारावर पडलेले असते. तिथे जोराचा पाऊस झाला की उतारावरचे पाणी काही मिनिटांत नाल्यात उतरते. खाली ऊन असले तरी पाणी वाढू शकते.

लोणावळ्यात ३० जून २०२४ रोजी हेच घडले. भुशी धरणामागच्या धबधब्यात उभे असलेले एक कुटुंब पाणी वाढल्याने प्रवाहाच्या मध्येच अडकले. एकमेकांना घट्ट धरूनही त्यांना पाय रोवता आले नाहीत. पाच जणांचा जीव गेला.

कारण साधे आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. त्यात खाली शेवाळलेला खडक असतो. त्यामुळे गुडघाभर पाणीही माणसाला पाडू शकते.

धोका कसा ओळखाल?

- स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे
- पाला, काटक्या वाहून येणे
- पाण्याचा आवाज वाढणे
- मघाशी कोरडा असलेला दगड बुडणे

यातले एक जरी दिसले, तरी सामान न गोळा करता लगेच जवळच्या काठावर चढा. प्रवाहाच्या मधल्या खडकावर थांबू नका. नाला ओलांडून गेला असाल आणि पाणी वाढले, तर परतण्याची घाई नको. ते ओसरेपर्यंत उंचावर थांबा.

कोणाला काय झेपेल?

गायमुख (सोपे) : काठावरून पाहायचे असेल तर मुले व ज्येष्ठांनाही जमते. मुलांचा हात सोडू नका.

आंबागड (मध्यम) : न थांबता चार मजले चढून नीट बोलता येत असेल, तर हरकत नाही. गुडघेदुखी, दमा किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच जा. ओल्या दगडांवर उतरताना जास्त पाय घसरतात. त्यामुळे चपला नकोत, पकड असलेले बूट घाला.

हे नियम पाळा

- सकाळी लवकर निघा, अंधाराआधी खाली या.
- ढग गडगडू लागले की तटबंदी व एकट्या झाडापासून दूर व्हा. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप निघण्यापूर्वीच घ्या.
- पडक्या तटावर सेल्फीसाठी चढू नका.
- दारू पिऊन पाण्यात उतरू नका.
- कोणी वाहून जात असेल तर मागे उडी घेऊ नका. काठावरून दोर, ओढणी किंवा लांब काठी द्या आणि ११२ वर फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगूनच निघा.